परफ्युमचा वास तासातासाला का बदलतो, आणि दुकानातला पहिला फवारा खरेदीत का फसवतो

प्रश्न: मॉलमध्ये एक परफ्युम मनगटावर मारून पाहिला. लिंबा-संत्र्यासारखा इतका ताजा वास होता की पाच मिनिटांत चार हजारांची बाटली घेतली. घरी येईपर्यंत तो वास गेला आणि दोन-तीन तासांनी गोडसर, जड, व्हॅनिलासारखा वास यायला लागला, जो मला अजिबात आवडत नाही. रोज हेच होते. बाटली नकली आहे, की माझ्या त्वचेत काही दोष आहे? टॉप, हार्ट आणि बेस नोट म्हणतात त्याचा याच्याशी संबंध आहे का?

उत्तर:

तुमच्या वर्णनात बनावट मालाची खूण दिसत नाही आणि त्वचेच्या दोषाचीही नाही. बनावट माल तयार करणारा बेसवर, म्हणजे शेवटपर्यंत टिकणाऱ्या जड द्रव्यांवर, खर्च करत नाही, त्यामुळे तसल्या बाटलीचा वास बहुधा तासा-दोन तासांत विरतो किंवा मागे कस्तुरीच्या जातीचा नुसता धूसर वास, म्हणजे मस्क, उरतो. तुमच्या अंगावर मात्र तीन तासांनंतर एक ठळक, ओळखता येण्याजोगा गोड वास उभा राहतो आणि तो रोज तसाच उभा राहतो. याचा अर्थ परफ्युम त्याच्या रचनेप्रमाणे नीट उलगडत आहे. तुम्ही खरेदी केली ती मात्र त्याच्या पहिल्या पाच मिनिटांवर विसंबून.

हे समजून घेण्यासाठी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे बाटलीतल्या द्रावाचा वास नाकाला कधीच येत नाही. येतो तो द्रावातून सुटून हवेत आलेल्या रेणूंचा. द्रावात एखादे द्रव्य किती टक्के आहे आणि त्याच्यावरच्या हवेत ते किती टक्के आहे, या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, कारण प्रत्येक द्रव्याची हवेत सुटण्याची ओढ, म्हणजे बाष्पदाब, वेगळा असतो. लिंबू, संत्रे, बर्गमॉट यांच्या सालीच्या तेलात लिमोनीन नावाचे हलके द्रव्य भरपूर असते. जाईच्या फुलासारखा हवेशीर भास देणारे हेडिओन हे आजच्या परफ्युममधले नेहमीचे हार्टचे द्रव्य आहे. खोलीच्या तापमानाला लिमोनीनचा बाष्पदाब हेडिओनच्या हजारपटीहून जास्त असतो. गॅलॅक्सोलाइडसारखे कृत्रिम मस्क हेडिओनइतकेच किंवा त्याहूनही मंद असतात. लवकर उडणारी द्रव्ये म्हणजे टॉप, मधली हार्ट आणि सर्वांत मंद ती बेस, ही विभागणी मुळात या वेगांच्या फरकातून आलेली आहे.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आमच्या परफ्युम बांधण्याच्या कामात नव्याने आलेल्यांना शिकवण्यासाठी अगदी साधे कंपाउंड, म्हणजे अल्कोहोलमध्ये घालण्याआधीचे सुगंधी द्रव्यांचे मिश्रण, बांधतात, तसेच एक येथे मांडतो. शंभर भागांत बर्गमॉट तेल २५, लिंबाचे तेल ५ आणि लॅव्हेंडर ५ हा झाला टॉप. जिरेनियम तेल १०, गुलाबाचा गाभा देणारे फेनिल इथाइल अल्कोहोल १० आणि हेडिओन २० हा हार्ट. गॅलॅक्सोलाइड १२, वाळ्याचे तेल ५, पाचीचे तेल, ज्याला बाजारात पॅचौली म्हणतात, ३, बेंझिल सॅलिसिलेट ३ आणि व्हॅनिलिन २ हा बेस. हे कंपाउंड साधारण पंधरा टक्के या प्रमाणात अल्कोहोलमध्ये घातले की बाजारात ओ द पर्फ्यूम म्हणून विकतात त्या ताकदीचा माल होतो. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिलिलिटर द्रव बाहेर पडतो. म्हणजे अंगावर येणारे प्रत्यक्ष सुगंधी द्रव्य जेमतेम १२ ते १५ मिलिग्रॅम असते. त्यातले हेडिओन तीन मिलिग्रॅमच्या आतबाहेर आणि व्हॅनिलिन एका मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

या मिश्रणाच्या कागदावरच्या सूत्रात हेडिओन वीस टक्के आहे आणि लिमोनीन, बर्गमॉट व लिंबू या दोन तेलांतून मिळून, सुमारे तेरा टक्के. सूत्र वाचणाऱ्याला वाटेल की हा फुलांचा परफ्युम आहे. पण अल्कोहोल उडाल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात त्वचेच्या वर जी हवा असते, तिच्यात ढोबळ हिशोबाने बहुतांश वाटा एकट्या लिमोनीनचा निघतो, आणि हेडिओनचा वाटा एका टक्क्याच्या दहाव्या भागाइतकाही भरत नाही. मस्कचा तर त्याहून कमी. दुकानात मनगट नाकाशी नेणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात या परफ्युमच्या सुमारे आठव्या भागाचा वास येतो आणि तोच भाग सर्वांत आधी संपणारा असतो.

वाफेतला वाटा म्हणजेच वासाची तीव्रता असे मात्र समजू नये. नाक सर्व द्रव्यांना सारखा प्रतिसाद देत नाही. व्हॅनिलिनची अत्यंत सूक्ष्म मात्राही नाकाला पुरते, लिमोनीनची त्या मानाने बरीच लागते. म्हणूनच बेसची द्रव्ये इतकी थोडी सुटूनही पुढे तासन्‌तास जाणवतात. सुरुवातीच्या मिनिटांतही ती हवेत असतातच, परंतु वरच्या लिंबूवर्गीय लोंढ्याखाली दबलेली असतात. कसलेले नाक पहिल्याच मिनिटात खालचे व्हॅनिला हुडकून काढते, ते यामुळेच. सराव नसलेल्या नाकाला ते ‘ताजेपणातली किंचित गोडी’ एवढेच वाटते आणि ही गोडी सुखद वाटल्याने खरेदीला हातभारच लावते.

पुढच्या तासांत काय होते ते याच मिश्रणावर पाहू. पहिले अर्धे ते एक मिनिट अल्कोहोल उडण्यात जाते. अल्कोहोल उडताना त्वचा थंड करते आणि नाकाला बारीक चुरचुर देते, त्यामुळे या काळात घेतलेला वास कोणत्याच निर्णयाच्या उपयोगाचा नसतो. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे बर्गमॉट आणि लिंबाचा अंमल असतो. लिमोनीन झपाट्याने ओसरते, पण बर्गमॉटमधली दुसरी दोन महत्त्वाची द्रव्ये, लिनॅलिल ॲसिटेट आणि लिनॅलूल, त्याच्यापेक्षा सुमारे दहापट मंद असतात. लॅव्हेंडरमध्येही मुख्यतः हीच दोन असतात. म्हणून लिंबाचा झणका गेल्यावरही अर्धा-पाऊण तास एक मऊ, किंचित फुलासारखा ताजेपणा मागे रेंगाळतो. या टप्प्यातच जिरेनियम आणि गुलाब वर येतात, आणि साधारण तासाभराने परफ्युमचा मध्य स्पष्ट होतो. फेनिल इथाइल अल्कोहोल दोन-तीन तासांत क्षीण होत जाते, हेडिओन मात्र पाच-सहा तास टिकते आणि बेसमध्ये मिसळून जाते. चौथ्या तासानंतर वाळा, पॅचौली, मस्क आणि व्हॅनिला यांचेच राज्य असते. या वेळा मुंबईतल्या वातानुकूलित खोलीत, मध्यम तेलकट त्वचेवर धरल्या आहेत. त्या माणसागणिक पुढेमागे होतात, पण त्यांचा क्रम बदलत नाही.

या टप्प्यांच्या मधल्या भिंती आपणच घातलेल्या आहेत, हेही सांगायला हवे. ब्रिटिश परफ्युमर विल्यम पाउचर यांनी १९५५ मध्ये शेकडो सुगंधी द्रव्यांना १ ते १०० असे टिकाऊपणाचे आकडे देऊन १ ते १४ टॉप, १५ ते ६० मध्य आणि ६१ ते १०० बेस अशी वाटणी केली. पॅचौली, चंदन ही द्रव्ये त्यांनी थेट १०० वर ठेवली. कामाच्या सोयीसाठी ही वाटणी अजूनही उपयोगी पडते. पण जाहिरातीत तिचा जो तीन मजली त्रिकोण छापतात त्यावरून ग्राहकाची अशी समजूत होते की एक मजला संपल्यावर दुसरा सुरू होतो. प्रत्यक्षात पहिल्या क्षणापासून सगळीच द्रव्ये उडत असतात, फक्त वेगवेगळ्या वेगाने. त्यातही त्या त्रिकोणात लिहिलेली ‘पांढरी फुले’ किंवा ‘अंबर’ ही वासाच्या भासाची नावे असतात. कंपाउंडमध्ये त्या नावाचा पदार्थ असेलच असे नाही. छापील त्रिकोणावरून शेवटच्या तासांचा वास ओळखता येत नाही, आणि तो ओळखता येतो असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये.

सगळे परफ्युम सारख्याच प्रमाणात बदलतात असेही नाही, आणि खरेदी करणाऱ्याच्या दृष्टीने हा मुद्दा मोठा आहे. पारंपरिक ओ द कोलोन जवळपास सगळेच लिंबूवर्गीय टॉपचे असते. ते लवकर संपते, पण फसवत नाही, कारण मागून वेगळे काही येतच नाही. दुसऱ्या टोकाला २००६ मध्ये आलेला मॉलिक्यूल ०१ हा परफ्युम आहे. त्यात आयसो ई सुपर हे एकच सुगंधी द्रव्य वापरले असल्याने त्याला टप्पे जवळजवळ नाहीतच. या दोघांच्या मध्ये सर्वांत जास्त चकवणारी जात बसते. तिच्यात वर चमकदार लिंबूवर्गीय टॉप आणि खाली व्हॅनिला, टोंका नावाची गोड वासाची बी आणि राळ यांचा गोड बेस असतो. जाक गेर्लां यांचा १९२५ चा शालिमार हा या जातीचा आदर्श नमुना आहे. त्यात बर्गमॉटचा वाटा फार मोठा आहे आणि खाली इथाइल व्हॅनिलिन आहे. तो गोड बेस बर्गमॉटशिवाय गुदमरवणारा झाला असता, आणि बर्गमॉट त्या बेसशिवाय क्षणभंगुर ठरला असता. ही अत्यंत विचारपूर्वक केलेली रचना आहे, आणि ज्याला तिचा शेवट आवडतो त्याच्यासाठी ती अप्रतिम आहे. तुम्ही घेतलेला परफ्युम वर्णनावरून याच जातीतला वाटतो.

बेस फक्त शेवटी उरतो एवढेच त्याचे काम नसते, तो टॉपलाही आवरून धरतो. मिश्रणात जड द्रव्यांचा वाटा जितका मोठा तितका हलक्या द्रव्याचा द्रावातला वाटा कमी, आणि वाटा कमी झाला की त्याचे उडणेही मंदावते. त्याशिवाय काही जड द्रव्यांची हलक्या रेणूंशी जवळीक असते आणि ती त्यांना अधिक वेळ धरून ठेवतात. आमच्या मिश्रणातले बेंझिल सॅलिसिलेट स्वतः फारसा वास देत नाही, ते मुख्यतः या धरून ठेवण्यासाठीच घातलेले असते. पण या उपायाला मर्यादा आहे. लिंबाचा ताजेपणा आठ तास टिकवणारा बेस अस्तित्वात नाही. ‘दिवसभर सिट्रस’ असा दावा असलेल्या परफ्युममध्ये दिवसभर टिकतो तो लिंबाची आठवण करून देणारा दुसराच कृत्रिम वास असतो, आणि तो पहिल्या फवाऱ्यातल्या लिंबासारखा कधीच नसतो.

आता दुकानाकडे वळू. परफ्युम बांधून घेणाऱ्या कंपन्यांना हे पक्के ठाऊक असते की ग्राहक परफ्युम मारलेली कागदी पट्टी नाकाशी नेतो आणि मिनिटाभरात हो किंवा नाही ठरवतो. त्यामुळे कंपाउंड बांधणाऱ्याकडे येणाऱ्या मागणीतच ‘ओपनिंग जबरदस्त हवे’ असे असते. कंपाउंडचा किलोमागे ठरलेला भाव असतो, आणि त्या मर्यादेत लक्ष पुरवायचे तर ते पहिल्या दहा मिनिटांना पुरवले जाते. खरे चंदन, आयरिसचे कंद, उत्तम प्रतीचा वाळा यांसारखी बेस-हार्टची नैसर्गिक द्रव्ये महाग असतात, तर संत्र्याच्या सालीचे तेल रस काढण्याच्या उद्योगातून उपउत्पादन म्हणून मुबलक मिळते. म्हणून बेताच्या किमतीच्या परफ्युममध्ये नेहमी दिसणारी घडण अशी की वर देखणा, खर्चिक भासणारा टॉप, मध्ये पातळ हार्ट आणि खाली इतर कितीतरी बाटल्यांत असतो तोच मस्क-व्हॅनिला-अंबराचा साचेबंद बेस. दहा वेगवेगळ्या नावांचे परफ्युम पाच तासांनी एकमेकांसारखे वास देतात ते यामुळे. याला मी फसवणूक म्हणणार नाही, पण ग्राहक पैसे मोजतो ते सात-आठ तासांसाठी आणि त्याला दाखवले जाते ते पहिले दहा मिनिटे, ही विसंगती मला खटकते.

दुकानातली परिस्थितीही निर्णयाच्या विरुद्ध असते. हवेत आधीच पन्नास परफ्युमचे फवारे तरंगत असतात आणि त्यांतले टिकून राहिलेले भाग मुख्यतः जड मस्क व अंबराचेच असतात. नाक या सततच्या वासाला काही मिनिटांत सरावते आणि त्या द्रव्यांकडे दुर्लक्ष करू लागते. म्हणजे ज्या बेसची पारख करायची त्याच बेसला तुमचे नाक तात्पुरते बधिर झालेले असते, आणि नव्या फवाऱ्यातून फक्त वरचा ताजेपणा जाणवतो. काउंटरवर कॉफीच्या बियांची वाटी ठेवलेली असते, तिचा साध्या हवेपेक्षा जास्त उपयोग होत नाही. दुकानाबाहेर जाऊन चार श्वास घेणे किंवा स्वतःच्या सुती बाहीचा वास घेणे यानेही तेवढेच काम होते.

टेस्टरच्या बाटलीची उलट दिशेनेही गफलत होते. ती अर्धी रिकामी होऊन महिनोन्‌महिने प्रखर दिव्यांखाली उभी असते. रिकाम्या भागात हवा असते आणि त्या हवेतल्या ऑक्सिजनने लिमोनीन बिघडते. बिघडलेल्या लिमोनीनला टर्पेंटाइनसारखा उग्र, रंगाच्या डब्यासारखा वास येतो. अशा टेस्टरवरून चांगला परफ्युम नाकारला जातो. सुरुवात बोचरी वाटली, पण पंधरा मिनिटांनी वास सरळ आणि सुंदर झाला, तर दोष परफ्युमचा नसून त्या बाटलीचा असण्याची दाट शक्यता आहे. विक्रेत्याकडे नवी टेस्टर आहे का ते विचारावे.

पट्टी आणि त्वचा यांतला फरकही येथेच सांगतो. कागदी पट्टी खोलीच्या तापमानाला असते, त्वचा साधारण ३२ ते ३४ अंशांवर. त्यामुळे पट्टीवर प्रत्येक टप्पा लांबतो, बेस तर दोन-तीन दिवसही टिकतो. क्रम पाहण्यासाठी पट्टी उत्तम, पण वेळ पाहण्यासाठी नव्हे. तेलकट त्वचा जड द्रव्यांना धरून ठेवते, कोरड्या त्वचेवर सगळेच लवकर संपते. त्वचेमुळे परफ्युमचा वास ‘पूर्ण वेगळा’ होतो ही समजूत मात्र बरीच वाढवलेली आहे. वेग आणि प्रमाण बदलते, पण व्हॅनिलाचा वाळा होत नाही.

आपल्याकडच्या हवेचा विचार आणखी महत्त्वाचा आहे. मॉलमध्ये तापमान २३-२४ अंश असते, आणि नागपूर किंवा सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यात रस्त्यावर ४० च्या वर. तापमान वाढले की सर्वच द्रव्यांचे उडणे वाढते, पण जड द्रव्यांचे प्रमाणात अधिक वाढते. त्या सोळा-सतरा अंशांच्या फरकाने लिमोनीनचा बाष्पदाब अडीचपटीच्या आसपास होत असेल, तर बेसमधल्या जड द्रव्यांचा चौपट-पाचपटीपर्यंत जातो. म्हणून उन्हाळ्यात टॉप तर काही मिनिटांतच संपतो, आणि वातानुकूलित दुकानात सौम्य वाटलेला गोड बेस बाहेर आल्यावर अंगावर येतो. थंड युरोपीय हवेसाठी तोललेला परफ्युम मे महिन्यात डोके चढवतो, त्याचे कारण मुख्यतः हेच आहे. तुम्हाला तो वास ‘जड’ वाटतो त्यात या उष्णतेचा वाटा नक्की असणार.

टिकाऊपणाबद्दलही एक इशारा देतो, कारण तुमच्या उलट तक्रार घेऊन येणारे लोक जास्त असतात. मोठ्या रेणूंच्या मस्कपैकी एखादा काही लोकांना मुळीच जाणवत नाही, म्हणजे बाकी सर्व वास येतात, पण तेवढ्या एका द्रव्याला नाक आंधळे असते. गॅलॅक्सोलाइडच्या बाबतीत हे बरेचदा दिसते. अशा माणसाला आमचे वरचे मिश्रण पाचव्या तासाला फक्त वाळा-व्हॅनिलाचे वाटेल, आणि निव्वळ मस्कवर उभा असलेला परफ्युम तासाभरात ‘उडाला’ असे वाटेल, जेव्हा शेजारी बसलेल्याला तो स्पष्ट येत असतो. त्यातच स्वतःच्या अंगावरचा वास सरावाने नाहीसा होतो. म्हणून टिकतो की नाही हे घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारूनच ठरवावे. स्वतःला येत नाही म्हणून आणखी चार फवारे मारणारा माणूस लिफ्टमधल्या इतरांना असह्य होतो.

अत्तराचा अनुभव असलेल्या वाचकांना यातला फरक सहज कळेल. कनौजच्या पारंपरिक पद्धतीत फुलांची वाफ थेट चंदनाच्या तेलात उतरवतात. तेथे अल्कोहोल नसते आणि लिंबूवर्गीय टॉप जवळजवळ नसतो. त्यामुळे मुंबईत मोहम्मद अली रोडवर कोणी हाताच्या मागच्या बाजूला चंदनावर बांधलेल्या मोगऱ्याचे बोट लावले, तर पाच मिनिटांनी येणारा वास आणि तीन तासांनी येणारा वास यांत नाते स्पष्ट असते. ज्यांचे नाक या सवयीत घडले, ते फवाऱ्याच्या बाटलीकडूनही तीच अपेक्षा ठेवतात आणि चकतात. स्वस्त अत्तरांत चंदनाऐवजी गंधहीन तेल असते, ते निराळे प्रकरण आहे.

मग पारख करायची कशी? एका फेरीत तीनपेक्षा जास्त परफ्युम घेऊ नयेत, आणि ते पट्टीवर घ्यावेत. प्रत्येक पट्टीवर नाव आणि वेळ लिहावी, पहिले मिनिटभर पट्टी नाकाजवळ नेऊच नये. दहा-पंधरा मिनिटांनी जो वास नकोसा वाटेल तो बाद करावा. उरलेल्यांपैकी जास्तीत जास्त दोन, दोन्ही हातांच्या कोपराच्या आतल्या बाजूला एकेक फवारा मारून, दुकानातून बाहेर पडावे. मनगटे एकमेकांवर घासू नयेत. घासल्याने रेणू ‘मोडतात’ हे खरे नाही, पण उष्णता आणि पसरण यामुळे टॉप झटकन निघून जातो आणि दोन हातांचे दोन परफ्युम एकत्र होतात. मग एका तासाने, चार तासांनी आणि झोपण्यापूर्वी वास घ्यावा आणि दोन शब्द टिपून ठेवावेत. त्यातली एक वेळ तरी घराबाहेरच्या उन्हात यावी.

परफ्युम तयार करणारे स्वतः वापरतात ती युक्ती घरी सहज करता येते. पट्टी फेकून न देता कपाटाबाहेर, उघड्या हवेत रात्रभर ठेवावी. दुसऱ्या दिवशी तिच्यावर उरलेला वास म्हणजे जवळपास शुद्ध बेस. त्या जुन्या पट्टीचा वास आधी घ्यावा आणि त्यानंतर त्याच परफ्युमच्या ताज्या पट्टीचा. बेस एकदा नाकाला ओळखीचा झाला की ताज्या पट्टीतही तो टॉपच्या खाली उभा असलेला दिसू लागतो, आणि पुढच्या खेपेला दुकानातच त्याची चाहूल लागते. जुनी पट्टी आवडत नसेल तर तो परफ्युम घेऊ नये, ताजी कितीही आवडो. अंगावरच्या एकूण वेळेपैकी अर्ध्याहून अधिक वेळ त्या जुन्या पट्टीचाच वास यायचा असतो. दोन-पाच मिलिलिटरची नमुन्याची कुपी मिळत असेल तर ती घ्यावी आणि आठवडाभर वापरून मग बाटलीचा विचार करावा. मोठ्या बाटलीच्या तुलनेत कुपीचा दर मिलिलिटरमागे जास्त पडतो, तरी एकूण खर्च कमीच होतो.

ओ द तुआलेत आणि ओ द पर्फ्यूम या शब्दांवरूनही गैरसमज होतो. एकाच नावाच्या या दोन बाटल्यांत फक्त ताकदीचा फरक आहे असे धरू नये. अनेकदा ओ द पर्फ्यूममध्ये बेसचा वाटा जाणूनबुजून वाढवलेला असतो, कधी व्हॅनिला किंवा अंबर नव्याने घातलेला असतो. ज्याला टॉप आवडतो आणि बेस नकोसा होतो, त्याने जास्त पैसे देऊन जास्त ताकद घेतली तर नको असलेला भागच त्याच्या पदरात जास्त पडतो. अशा माणसाला ओ द तुआलेत किंवा सरळ ओ द कोलोन योग्य, आणि दुपारी पुन्हा एकदा मारण्याची तयारी ठेवावी.

तुमच्याकडे असलेल्या बाटलीचे काय करता येईल तेही सांगतो. ती अंगाऐवजी सुती कपड्यावर, आतल्या बाजूला, एका फवाऱ्याने वापरून पाहा. कापड त्वचेपेक्षा थंड असल्याने टॉप थोडा अधिक टिकतो आणि गोडी हळू वर येते. व्हॅनिलिन असलेला परफ्युम पांढऱ्या कापडावर पिवळसर डाग पाडू शकतो, म्हणून आधी कोपऱ्यावर खात्री करा. डिसेंबर-जानेवारीत तोच परफ्युम तुम्हाला सुसह्य, कदाचित आवडण्याजोगाही वाटेल, तोवर बाटली अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा, न्हाणीघरात नको. वरून दुसरा सिट्रस परफ्युम मारून गोडी झाकण्याचा उपाय मात्र करू नका, कारण तोही वीस मिनिटांत उडेल आणि खालची गोडी तशीच राहील. पुढच्या वेळी काउंटरवर ‘काहीतरी ताजे दाखवा’ असे म्हणण्याऐवजी खालचा भाग मागा, म्हणजे सिट्रस हवे, पण बेसमध्ये व्हॅनिला, टोंका, अंबर नको, वाळा, देवदार किंवा कोरडा मस्क हवा. जाणकार विक्रेता एवढ्यावरून निम्मे कपाट बाजूला सारेल, आणि उरलेल्यांच्या पट्ट्या तुम्ही घरी न्या.